ऑर्किडची मुळं काय सांगतात

फुलांनी लगडलेलं फॅलेनोप्सिस ऑर्किड घरी येतं, दोन-तीन महिने दिवाणखान्याची शोभा वाढवतं, मग एकेक फूल गळतं आणि मागे उरतात चार-पाच जाड पानं आणि पुष्कळशी मुळं. खरे प्रश्न तिथून सुरू होतात. मुळं चंदेरी पडली, म्हणजे झाड वाळायला लागलं का? कुंडीतली मुळं हाताला पिचपिचीत लागतात, मग पाणी कमी पडलं की जास्त झालं? काही मुळं कुंडीच्या काठावरून बाहेर येऊन हवेत लोंबताहेत, ती कापायची की आत दाबायची? रोपवाटिकेत आणि फुलांच्या प्रदर्शनांत हे तीन प्रश्न इतक्यांदा ऐकू येतात, की ते तीन वेगळे आजार असावेत असंच वाटू लागतं. पण तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. ऑर्किडचं हे मूळ मातीसाठी घडलेलंच नाही.

फॅलेनोप्सिसची मूळ जात फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि थेट उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंतच्या दमट जंगलांत झाडांच्या खोडाफांद्यांवर वाढते. आपल्याला हा प्रकार परका नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर जुन्या आंब्या-जांभळांच्या खोडांवर सीतेची वेणी अशीच बसलेली असते आणि पावसाळ्याच्या तोंडाला तिचे गुलाबी-जांभळे घोस लोंबू लागतात. पुष्कळ लोक तिला बांडगूळ समजतात आणि आंब्याचं नुकसान होईल म्हणून ओरबाडून काढतात. हा तिच्यावर अन्याय आहे. बांडगूळ दुसऱ्या झाडाच्या आत मूळ खुपसून त्याचा रस घेतं. ऑर्किड फक्त सालीला धरून बसतं. त्याची मुळं सालीवरून सरपटतात, काही नुसतीच हवेत लोंबतात. पाऊस आला की खोडावरून पाणी ओघळतं, मुळं चिंब होतात, सर थांबली की वारा लागून काही तासांत पुन्हा कोरडी होतात. भिजणं आणि वाळणं हा या मुळांचा रोजचा व्यवहार आहे. दिवसचे दिवस ओल्या गाळात रुतून राहणं त्यांच्या वाट्याला कधी आलेलंच नाही.

अशा जगण्यासाठी मुळाला एक खास पांघरूण मिळालं आहे. शास्त्रात त्याला व्हेलामेन म्हणतात. ऑर्किडचं मूळ बोटाएवढं जाड दिसतं, पण त्यातला आतला जिवंत भाग त्या मानाने बारीक असतो. त्याच्याभोवती मेलेल्या, रिकाम्या पेशींचे थर असतात. कोरडेपणी या पेशींत हवा भरलेली असते. तिच्यावर प्रकाश विखुरतो आणि मूळ चंदेरी पांढरं दिसतं. पाणी लागलं की तो थर टीपकागदासारखं ते शोषून घेतो, पेशींमधली हवा निघून पाणी भरतं, थर पारदर्शक होतो आणि खालचा हिरवा रंग वर दिसू लागतो. मुळांमध्ये हरितद्रव्य असतं. पानांसारखंच हे मूळही प्रकाशावर थोडंफार अन्न तयार करतं.

हा बदल डोळ्यांनी बघण्यासारखा आहे. चंदेरी पडलेल्या मुळावर फवाऱ्याने पाणी मारा आणि नजर हलवू नका. काही सेकंदांत पाणी पडलेल्या जागी हिरवा डाग उमटतो, तो पसरत जातो आणि बघता बघता सगळं मूळ पोपटी होतं. नीट पाहिलं तर त्या हिरव्यात बारीक पांढऱ्या रेघा तशाच राहिलेल्या दिसतील. त्या रोगाच्या खुणा नव्हेत. ओल्या पांघरुणातूनही हवेची ये-जा चालू राहावी म्हणून त्या जागा कोरड्या राहतात. पाणी सेकंदांत आत आणि बाहेर जायला मात्र तास, अशी या थराची रचना आहे. पावसाच्या पहिल्या सरीबरोबर सालीवरची धूळ आणि क्षार वाहून येतात. ऑर्किडला खत म्हणून मिळतं ते बहुतेक तेवढंच. तो थोडका ऐवज ओघळून जायच्या आत पकडून ठेवायचा, हे या थराचं काम.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर अगदी सोपं आहे. चंदेरी मूळ निरोगी असतं, फक्त कोरडं असतं. खरं तर कुंडीला पाणी कधी घालायचं हे सांगणारं याच्याइतकं खात्रीचं साधन दुसरं नाही. म्हणूनच जाणकार फॅलेनोप्सिस पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीत लावतात. बाजूने बघायचं. आतली मुळं हिरवी असतील, कुंडीच्या आतल्या भिंतीवर बाष्पाचे थेंब असतील, तर पाणी घालायचं नाही. मुळं चंदेरी झाली, भिंत कोरडी दिसली, कुंडी उचलल्यावर हलकी लागली, की घालायचं. ‘आठवड्यातून दोनदा’ असा नियम कुणी सांगितला तर तो कुठल्या गावचा आणि कुठल्या महिन्याचा, हे आधी विचारावं. एप्रिलच्या कोरड्या उन्हाळ्यात पुण्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुळं चंदेरी होतात. तीच कुंडी जुलैत मुंबईच्या खिडकीत आठ-दहा दिवस हिरवीच राहू शकते. मुळांकडे पाहिलं की कॅलेंडर लागत नाही.

इथे एक सावधगिरी हवी. आपल्या सह्याद्रीतली ऑर्किडं डिसेंबर ते मे असा लांबलचक कोरडा काळ निभावतात. ते पाहून फॅलेनोप्सिसलाही उन्हाळाभर कोरडं ठेवायचा मोह होतो. त्याला ते झेपत नाही. ते बारमाही दमट जंगलातलं झाड आहे, पाणी साठवायला त्याच्याकडे फुगीर खोड नाही, जे आहे ते जाड पानांत आणि मुळांत. मुळं एक-दोन दिवस चंदेरी राहिली तर काही बिघडत नाही, पण आठवडाभर तशीच ठेवली तर पानं सुरकुततात. आणि भिजवूनही जे मूळ हिरवं होत नाही, दाबलं की कागदासारखं चपटं होतं, ते चंदेरी नसून मेलेलं आहे.

आता पिचपिचीत मुळांकडे येऊ. ऑर्किडं सगळ्यात जास्त मरतात ती याच कारणाने.

‘पाणी जास्त झालं म्हणून मूळ सडलं’ असं आपण म्हणतो, ते अर्धंच खरं. पाण्याने मूळ सडत नाही. नुसत्या पाण्याच्या बाटलीत मुळं सोडून ऑर्किड वाढवणारे लोकही आहेत. मूळ सडतं ते हवा न मिळाल्याने. मुळातल्या जिवंत पेशींना श्वसनासाठी प्राणवायू लागतो आणि पाण्यातून प्राणवायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी सावकाश सरकतो. कुंडीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरून तशाच राहिल्या की आतलं मूळ गुदमरतं. गुदमरलेल्या मुळाला मग बुरशी आणि बुरशीसारखे पाण्यातले सूक्ष्मजीव गाठतात आणि काही दिवसांत त्याचा लगदा करतात. बुरशीनाशक मारून हे थांबत नाही ते याचसाठी. बुरशी नंतर आलेली असते, मूळ आधीच गेलेलं असतं.

यात फसगत करणारी गोष्ट म्हणजे पानांवर दिसणारं लक्षण. मुळं सडली की झाडाला पाणी वर खेचता येत नाही, म्हणून पानं लुळी पडतात, त्यांना सुरकुत्या पडतात. झाड तहानलेलं असलं तरी पानं अगदी तशीच दिसतात. तहान खरीच असते, पण आजूबाजूला पाणी असूनही ते पिणारं तोंड उरलेलं नसतं. घरातलं माणूस पानं पाहून आणखी पाणी घालतं आणि उरलीसुरली मुळंही जातात. पानं लुळी दिसली तर पाण्याचा तांब्या उचलायच्या आधी मुळं पाहावीत, ती चंदेरी आहेत की पिचपिचीत.

खात्री रंगावरून करू नये. अंधारात वाढलेली कुंडीतली मुळं पिवळसर किंवा फिकट तपकिरी असतात. सालीच्या तुकड्यांचा रंगही त्यांना लागतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. खात्री करायची ती दोन बोटांनी. मूळ हलकेच दाबा. टणक लागलं तर ते जिवंत आहे, रंग कसाही असो. बोटांखाली चेपलं, त्यातून तपकिरी पाणी आलं, आणि ओढल्यावर वरचं आवरण सरकून हातात आलं व आत नुसता दोऱ्यासारखा तंतू उरला, तर ते मूळ गेलेलं आहे. तो तंतू बराच काळ चिवट राहतो, त्यामुळे मूळ अजून धरून आहे असा भास होतो.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. ठाण्यात राहणाऱ्या, माझ्या ओळखीच्या एका काकूंकडे जानेवारीत आणलेलं पांढऱ्या फुलांचं फॅलेनोप्सिस होतं. फुलं मार्चअखेर गळली. जुलैत त्यांनी मला बोलावलं. पाचपैकी खालची तीन पानं टेबलावर टेकली होती. “अहो, पानं मऊ पडली म्हणून मी रोज पाणी घालतेय, तरी सुधारत नाही,” काकू म्हणाल्या. झाड एका सुंदर चिनीमातीच्या कुंडीत होतं आणि तिला खाली भोक नव्हतं. आत दुकानातली मूळची प्लास्टिकची कुंडी होती आणि तिच्या तळाशी बोटभर पाणी साचलेलं होतं. काठावरून मात्र पाच जाड, चंदेरी मुळं बाहेर आली होती. काकूंना काळजी नेमकी त्यांचीच होती. “ही बाहेर आलेली कापून टाकू का? बरी दिसत नाहीत.”

ती पाच मुळंच झाडाला जगवत होती.

कुंडीबाहेर येणारी मुळं ही बिघाडाची खूण नाही. झाडाच्या खोडाला जिथे पान फुटतं, तिथेच मूळही फुटतं. खोड वर चढत जातं तसा मुळांचा उगमही वर सरकतो आणि नव्या मुळाला जवळ माती आहे की हवा, याचं काही वाटत नाही. जंगलात त्याची अर्धी मुळं हवेतच असतात. दमट हवेत अशी मुळं जास्त फुटतात, म्हणून कोकणात आणि मुंबईत ती पुण्या-नाशिकपेक्षा जास्त दिसतात. कधी कधी मात्र त्यांचा अर्थ वेगळा असतो. वरून भरपूर मुळं येताहेत आणि कुंडीतली सगळी तपकिरी आहेत, तर झाड कुंडीतून पळ काढतंय असं समजावं. काकूंच्या झाडाचं तेच झालं होतं.

अशी मुळं दिसायला विस्कळीत दिसतात म्हणून कापू नयेत. कोरडी असताना वाकवून आत खुपसूही नयेत. चंदेरी अवस्थेत ती खडूसारखी ठिसूळ असतात आणि कटकन मोडतात. वाकवायचीच असतील तर आधी भिजवून हिरवी करावीत, मग ती मऊ पडतात. पण माझं मत विचाराल तर त्यांना बाहेरच राहू द्यावं. हवेत वाढलेलं मूळ ओल्या कुंडीत गाडलं की बऱ्याचदा सडतं. नवीन मूळ सालीत शिरतं ते पहिल्यापासून तिथल्या ओलीला सरावून शिरतं. जुन्याला तेवढी सवड मिळत नाही.

झाड आम्ही कुंडीतून काढलं. आत मॉस ठासून भरलेलं होतं, दाबलं तर बोटांतून पाणी ओघळत होतं. मॉसमध्ये वाढवलेली झाडं बाजारात पुष्कळ येतात आणि रोपवाटिकेत ते सोयीचंही असतं, कारण तिथलं तापमान आणि पाणी मोजूनमापून असतं. घरी तोच गोळा आठवडाभर आतून ओला राहतो आणि वरून मात्र कोरडा दिसतो. काकूंच्या मॉसच्या गोळ्याच्या अगदी मधोमध आणखी एक लहान घट्ट बुंधा निघाला. रोप अगदी लहान असताना ज्या छोट्या कपात वाढवलेलं असतं, त्यातलं जुनं माध्यम तसंच राहून जातं. बाहेरचं सगळं बदललं आणि हा बुंधा तसाच ठेवला, तर सडणं पुन्हा तिथूनच सुरू होतं. तो बोटांनी उलगडून, पाण्याच्या बारीक धारेखाली धरून काढून टाकावा लागतो. घाई केली तर शाबूत मुळंही तुटतात.

मुळं धुतल्यावर हिशेब लागला. सगळी मिळून एकोणीस मुळं होती. बोटाने दाबून पाहिल्यावर आठ टणक निघाली, त्यातली पाच बाहेर हवेत वाढलेली आणि तीन कुंडीच्या वरच्या भागातली. तळातलं एकही वाचलं नव्हतं.

कात्रीची पाती गॅसच्या ज्योतीवर धरून तापवली आणि गार होऊ दिली. एका झाडाचे विषाणू दुसऱ्याला लागतात ते बहुतेक कात्रीनेच, म्हणून दर झाडाला हे करावंच. पूर्ण सडलेली मुळं बुडापासून कापली. दोन मुळं अर्धीच सडलेली होती, ती टणक भाग लागेपर्यंत कापत गेलो आणि निरोगी पांढरा काप दिसल्यावर थांबलो. बुडाशी खोडाचा एक जुना, काळा, वाळका तुकडा होता, तोही स्वच्छ भाग लागेपर्यंत काढला. कापलेल्या तोंडांना दालचिनीची पूड लावली. ती जखम कोरडी करते आणि बुरशीला थोडा आळा घालते. पण ती फक्त कापांनाच लावायची. निरोगी मुळांवर भुरभुरली तर त्यांनाही कोरडं पाडते. मग झाड तसंच उघड्या मुळांनी सावलीत रात्रभर ठेवलं. काकूंना हे बघवत नव्हतं. पण जे मूळ खोडावर उघडंच राहायला घडलेलं आहे, त्याला एका रात्रीने काही होत नाही, आणि पावसाळी हवेत कापलेली तोंडं सुकायला तेवढा वेळ लागतोच.

तेवढ्या वेळात साल तयार करायची होती. दुकानात ती ‘बार्क’ किंवा ‘पाइन बार्क’ म्हणून मिळते. ही पाइनच्या झाडाची वाळवलेली साल असते आणि तिचे ठरावीक आकाराचे तुकडे केलेले असतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य देशांत ऑर्किडं ऑस्मुंडा नावाच्या नेच्याच्या मुळांच्या जाळीत लावत. ती दुर्मीळ आणि महाग होत गेली, तेव्हा लाकूड-उद्योगात वाया जाणारी साल वापरून पाहिली गेली आणि ती सर्वत्र रुळली. सालीचा गुण तिच्यापेक्षा तिच्या तुकड्यांमधल्या फटींत आहे. तुकडे थोडं पाणी धरून ठेवतात आणि त्यांच्यामधून हवा खेळती राहते. कुंडीत झाडाच्या खोडासारखी परिस्थिती तयार होते.

त्यामुळे तुकड्यांचा आकार महत्त्वाचा. मोठ्या फॅलेनोप्सिसला साधारण एक ते दोन सेंटीमीटरचे तुकडे ठीक. याहून बारीक घेतले तर फटी बुजतात, याहून मोठे घेतले तर आपल्या उन्हाळ्यात पाणी टिकत नाही. पिशवीच्या तळाशी भुसा साचलेला असतो, तो चाळून टाकावा. तोच खाली जाऊन कुंडीतली भोकं बुजवतो. कोरडी साल पाणी सहजी घेत नाही, वरून घातलेलं पाणी तिच्यावरून ओघळून निघून जातं. म्हणून ती रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायची. सुरुवातीला तुकडे तरंगतात, सकाळपर्यंत बरेचसे भिजून जड होतात. पाणी चहासारखं तांबूस येतं, ते ओतून द्यावं.

साल मिळाली नाही तर कोकणातले लोक वापरतात ते नारळाच्या सोडणाचे तुकडेही चालतात, पण त्यात क्षार असतात. दोन-तीनदा पाणी बदलून भिजवल्याशिवाय ते वापरू नयेत. शिवाय ते सालीपेक्षा पाणी जास्त धरतात, म्हणून किनारपट्टीवर मी ते एकटे वापरणार नाही. सालीत पाचव्या हिश्शाइतके लाकडी कोळशाचे तुकडे मिसळले तर फटी जास्त दिवस टिकतात. बागेतली माती मात्र चमचाभरसुद्धा नको.

कुंडी निवडताना पानांचा पसारा बघायचा नाही, उरलेली मुळं बघायची. काकूंचं झाड पाच इंची कुंडीत होतं. आता मुळं निम्म्याहून कमी झाली होती, म्हणून चार इंची, पारदर्शक, तळाला आणि बाजूला भोकं असलेली कुंडी घेतली. मोठ्या कुंडीत मधली साल मुळांच्या आवाक्याबाहेर राहते, तिथलं पाणी कुणी पीत नाही आणि मधोमध दलदल होते. झाडाला ऐसपैस जागा द्यायच्या प्रेमापोटी बरीच ऑर्किडं अशी गेलेली आहेत.

लावताना सगळ्यात खालच्या पानाचा देठ सालीच्या बरोबर वर येईल इतक्या उंचीवर झाड धरलं. तीन मुळं कुंडीत सोडली, पाच बाहेरच ठेवली. एका हाताने झाड धरून दुसऱ्या हाताने मूठ मूठ साल टाकत, कुंडी बाजूने थापटत गेलो, म्हणजे तुकडे मुळांच्या मधल्या जागांत आपोआप बसतात. जिथे पोकळी राहिली तिथे पेन्सिलीच्या बोथट टोकाने तुकडे हलकेच सरकवले. मग एक बांबूची काडी रोवून झाड तिला सैल बांधलं. ही काडी पुष्कळ जण विसरतात. मुळं कमी असलेलं झाड डुगडुगतं, आणि दर वेळी हललं की नव्या मुळाचं कोवळं टोक सालीवर घासून मरतं. पानं धरून झाड हळूच वर उचललं आणि कुंडीसकट आलं, तर ते घट्ट बसलं असं समजावं.

खरं पाहता कुंडी बदलायचा योग्य काळ जुलै नव्हे. फुलं संपली आहेत आणि मुळांना नवी हिरवी टोकं फुटताहेत, ती वेळ सगळ्यात चांगली, कारण नवी मुळं लगेच नव्या सालीत शिरतात. आपल्याकडे ती बहुधा एप्रिल-मेमध्ये येते. भर डिसेंबर-जानेवारीत, झाड थंडीने मंदावलेलं असताना किंवा कळीचा दांडा येत असताना कुंडीला हात लावू नये. पण मुळं सडत असतील तर यातलं काहीच बघायचं नाही. सडणं योग्य महिन्याची वाट पाहत नाही.

पहिले तीन दिवस पाणी बंद ठेवलं, फक्त सकाळी बाहेरच्या पाच मुळांवर फवारा मारला. चौथ्या दिवशी कुंडी सिंकमध्ये ठेवून वरून भरपूर पाणी घातलं, ते खालून निघून जाऊ दिलं, दहा मिनिटांनी पुन्हा घातलं. नवी साल पहिले काही आठवडे लवकर कोरडी पडते, म्हणून असं दोनदा घालायचं. पाणी घालून झाल्यावर पानांच्या मधल्या खळग्यात थेंब राहिले असतील तर ते कागदाने टिपून घ्यावेत. पावसाळ्यात ते वाळत नाहीत आणि नवं पान जिथून फुटतं तोच गाभा कुजतो. मुळं सडलेलं झाड वाचवता येतं. गाभा सडलेलं फॅलेनोप्सिस क्वचितच वाचतं, कारण त्याला वाढायला तेवढं एकच टोक असतं.

चिनीमातीची कुंडी काकूंना फार आवडायची, तेव्हा ती टाकून दिली नाही. तळाशी गोटे भरून त्यावर प्लास्टिकची कुंडी ठेवली, म्हणजे ओघळलेलं पाणी मुळांच्या खाली राहतं. पाणी घालताना ती बाहेर काढायची, निथळली की परत ठेवायची.

महिन्याभराने खालचं एक पान पिवळं पडून गळलं. काकूंचा फोन आला, पण ते अपेक्षितच होतं. उरलेल्या आठ मुळांना पाच पानं पोसणं जड जातं, तेव्हा झाड सगळ्यात जुन्या पानातलं जे घेण्यासारखं आहे ते काढून घेतं आणि ते सोडून देतं. असं पान हाताने ओढून काढू नये, पूर्ण वाळू द्यावं. दुसऱ्या दोन पानांवरच्या सुरकुत्याही पुरत्या गेल्या नाहीत, त्या बहुधा जातही नाहीत. सुधारणा बघायची ती पानांत नव्हे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला खोडाच्या बाजूला दोन नवी मुळं निघाली, टोकं चकचकीत हिरवी आणि किंचित जांभळट. त्यातलं एक सरळ सालीत शिरलं, दुसरं बाहेर.

टोकं दिसल्यावरच खत सुरू केलं, त्याआधी नाही. सालीत लावलेल्या झाडाला खताची थोडी जास्तच गरज पडते, कारण साल कुजवणारे जिवाणू नत्र स्वतःच वापरून टाकतात. दुकानात मिळणारं १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे फारच पातळ, आठवड्यातून एकदा पुरतं. ते कोरड्या चंदेरी मुळांवर थेट घालू नये. आधी साधं पाणी घालून मुळं हिरवी करावीत, मग खताचं पाणी. महिन्यातून एकदा कुंडी साध्या पाण्याने खळखळून धुवावी, म्हणजे साचलेले क्षार निघून जातात. ज्यांच्याकडे बोअरवेलचं जड पाणी आहे त्यांच्या सालीवर आणि मुळांवर पांढरा थर बसतो, मुळांची टोकं काळी पडून थांबतात. पावसाचं पाणी साठवता आलं तर तशा घरांत निम्मा प्रश्न मिटतो.

साल कायम टिकत नाही. आपल्या उष्ण-दमट हवेत दीड-दोन वर्षांत ती मऊ पडते, तुकडे बोटांत दाबले की चुरा होतात, कुंडीला लाकडाऐवजी चिखलाचा वास येऊ लागतो. तुकड्यांचा भुसा झाला की फटी बुजतात आणि ज्या मॉसमधून झाड सोडवलं, तीच अवस्था सालीतही येते. मुळं ठीक असली तरी त्या वेळी साल बदलायचीच. काकूंनी कुंडीच्या तळाला चिकटपट्टीवर महिना आणि साल लिहून ठेवलं आहे. पुढची फेरी एप्रिल-मेमध्ये, फुलं संपल्यावर, आणि तेव्हा बहुधा कात्रीची गरज पडणार नाही.